वक्त्याविना स्लाइड: फोटोतल्या तुटक ओळींचं मराठी कसं करावं

परिषदेहून परतलेलं कुणीतरी फोनमधला फोटो पाठवतं आणि म्हणतं, "एवढ्या सहा ओळी मराठीत करून दे, पाच मिनिटांचं काम आहे." ओळी खरंच सहा असतात आणि त्यातला एकही शब्द कोशात शोधावा लागत नाही. तरीही पहिल्या ओळीपाशीच हात थांबतो. स्लाइडवरची ओळ ही वक्त्याने स्वतःसाठी पदराला मारलेली गाठ असते. गाठ दिसली की मारणाऱ्याला सगळं आठवतं, बाकीच्यांना नुसती गाठ दिसते. सभागृहातल्या लोकांना उरलेलं वाक्य वक्त्याच्या तोंडून ऐकू आलं होतं. फोटोत आवाज येत नाही.

हे काम कसं करायचं ते एकाच स्लाइडवर दाखवतो. ही स्लाइड आणि तिच्यावरचे आकडे मी या लेखासाठी रचलेले आहेत, पण तिच्यातली प्रत्येक अडचण खऱ्या स्लाइडवर वारंवार भेटणारी आहे. विषय असा: रक्तदाबाच्या गोळ्या रोज घ्यायची रुग्णांना आठवण करून देण्याचा प्रयोग. मूळ इंग्रजी ओळी देवनागरीत लिहितो:

> व्हॉट वी लर्न्ड (द हार्ड वे)
> • रिमाइंडर्स: एसएमएस > कॉल्स*
> • एलटीएफयू १८%
> • एमआय ओन्ली इन आर्म बी
> • स्टॉप्ड अॅट वीक १२ → रिबाउंड
> • कॉस्ट?
> • नॉट "नॉन-कंप्लायंट"
> *एक्सक्ल. … (पुढचं कुणाच्या तरी डोक्याआड)

## आधी फोटो, मग भाषांतर

मेसेजिंग अॅपवरून आलेला फोटो बहुतेक वेळा दाबून लहान केलेला असतो, आणि त्यात सगळ्यात आधी बळी जातो तो बारीक अक्षरांचा: तळटिपा, दशांश चिन्हं, आलेखाखालची नावं. म्हणून पाठवणाऱ्याला सांगा की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, आणि न कापता पाठव. कडेला दिसणारा स्लाइडचा क्रमांक, पडद्यावरचा लेझरचा ठिपका, अर्धवट फिकट झालेल्या ओळी हे सगळं कापताना जातं, आणि तेच आपल्या उपयोगाचं असतं. लेझरचा ठिपका चौथ्या ओळीवर असेल, तर फोटो काढला त्या क्षणी वक्ता चौथ्या ओळीबद्दल बोलत होता. पुढे आठवण विचारायची वेळ येते तेव्हा हा धागा मोलाचा ठरतो.

दुसरी मागणी अशी करा की या फोटोच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन फोटोही पाठव. परिषदेत फोटो काढणारा माणूस सहसा एकच काढत नाही. मूळ फाइलीत फोटो काढल्याची वेळ नोंदलेली असते. ती कार्यक्रमपत्रिकेशी ताडून पाहिली की भाषण कोणतं आणि वक्ता कोण हे नक्की होतं. (फोनचं घड्याळ दुसऱ्या देशाच्या वेळेवर राहिलेलं नाही ना, एवढं बघून घ्या.)

मग भाषांतराला हात न लावता स्लाइड जशीच्या तशी उतरवून काढा. फोटोतून मजकूर ओळखणारं साधन वापरलं तरी आकडे आणि चिन्हं डोळ्यांनी तपासा. 'पेक्षा जास्त'च्या खुणेखालची रेघ गळते आणि 'किमान'चं 'पेक्षा जास्त' होतं. उणे चिन्हाची साधी रेघ होते. मायक्रोग्रॅमचं चिन्ह भलत्याच अक्षरासारखं वाचलं जातं. तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत उपओळ कोणती आणि मुख्य ओळ कोणती हेही कळेनासं होतं, म्हणून ठिपक्यांचा आकार बघा. उपओळींचे ठिपके सहसा लहान किंवा वेगळे असतात. न दिसणाऱ्या जागी अंदाजाने काही भरू नका, तीन टिंबं ठेवा.

स्लाइड पूर्ण उघडलेली होती का, हेही इथेच बघायचं. पुष्कळ वक्ते एकेक ओळ दाबून पुढे आणतात. शेवटच्या ओळीखाली मोठी मोकळी जागा असेल आणि बाकी स्लाइडवर तसा ऐसपैसपणा नसेल, तर फोटो घाईत निघाला असून एखादी ओळ यायची राहिली असण्याची शक्यता धरा आणि तसं नोंदवा.

## प्रत्येक ओळीत काय गाळलंय?

इंग्रजी तुकड्यात क्रियापद नसलं तरी चालतं, कर्ता नसला तरी चालतं. मराठीत मात्र लिंग, वचन आणि विभक्ती मध्ये येऊन उभी राहतात. 'स्टॉप्ड'चं मराठी करायला बसलं की लगेच विचारावं लागतं: थांबला, थांबली की थांबलं? थांबलं की थांबवलं? इंग्रजीत जो निर्णय वक्त्याने घेतलाच नव्हता, तो मराठी आपल्याकडून मागते. म्हणून मी उतरवलेल्या प्रत्येक ओळीसमोर दोनच गोष्टी लिहितो. इथे कोणता शब्द गाळलाय, आणि त्या जागी बसू शकतील असे वेगवेगळे शब्द कोणते. कोणता बरोबर, हे इतक्यात ठरवायचं नाही.

आपल्या स्लाइडवर ही यादी अशी होते. पहिल्या ओळीत 'पेक्षा जास्त' म्हणजे काय जास्त? परिणाम, संख्या, की रुग्णांची पसंती? दुसऱ्या ओळीतलं एलटीएफयू हे आद्याक्षर सरळ उलट दिशांच्या दोन अर्थांनी वापरलं जातं: 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेले रुग्ण, आणि 'लाँग-टर्म फॉलो-अप', म्हणजे दीर्घकाळ पाठपुरावा झालेले. तिसऱ्या ओळीतल्या एमआयला तर तीन घरं आहेत. हृदयविकाराचा झटका म्हणजे एमआय. सुटलेली माहिती संख्याशास्त्राने भरून काढण्याची 'मल्टिपल इम्प्युटेशन' ही पद्धत म्हणजे एमआय. आणि 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग', म्हणजे रुग्णाला उपदेश न करता बदलाची कारणं त्याच्याच तोंडून बोलती करणारी समुपदेशनाची पद्धत, तीही एमआय. शिवाय 'आर्म' म्हणजे इथे हात नव्हे, प्रयोगातला गट. यांत्रिक भाषांतर वाचताना 'हात बी' दिसला तर दचकू नका, पण तो राहूही देऊ नका.

चौथ्या ओळीत काय थांबलं: औषध, संदेश, की अख्खा अभ्यास? रिबाउंड कशाचा: रक्तदाबाचा, की गोळ्या चुकवण्याचा? पाचव्या ओळीतलं प्रश्नचिन्ह खर्च मोजलाच नाही असं सांगतंय, की खर्च हेच कारण असेल का असं विचारतंय? आणि सहाव्यातली अवतरणचिन्हं कुणाचे शब्द उचलतायत?

शीर्षक वगळू नका. 'द हार्ड वे' या तीन शब्दांनी वक्त्याने सांगून टाकलंय की पुढच्या ओळी म्हणजे त्यांच्या संघाला लागलेल्या ठेचा आहेत. चौथी ओळ वाचताना हे ध्यानात असलं, तर 'थांबलं' हे त्यांनीच केलेलं, नंतर पस्तावायला लावणारं काहीतरी असेल, या शक्यतेचं वजन वाढतं. पण ते फक्त वजन आहे, पुरावा नव्हे.

## पुरावा कुठे शोधायचा

माझा क्रम ठरलेला आहे: आधी त्याच भाषणाचे बाकीचे फोटो, मग परिषदेच्या सारांश-पुस्तिकेतला त्या भाषणाचा सारांश, मग त्याच संघाने याच कामावर छापलेला लेख, आणि शेवटी सभागृहात बसलेल्या माणसाची आठवण. आठवण शेवटी का, तर माणूस प्रामाणिकपणे सांगत असतो, पण त्याला आठवतो तो त्याने काढलेला अर्थ. छापील लेखाबाबतही एक सावधगिरी हवी. भाषण आणि लेख यांच्यामध्ये महिने जातात आणि आकडे बदलतात. लेख संज्ञांचा अर्थ लावायला वापरा, स्लाइडवरचा आकडा दुरुस्त करायला नको.

समजा, सारांशात असं मिळालं: तीन गट होते. अ गटाला मोबाइलवर संदेश, ब गटाला संदेश आणि समुपदेशन, क गटाला फोन कॉल. संदेशाच्या गटात गोळ्या चुकण्याचं प्रमाण कॉलच्या गटापेक्षा कमी. एवढ्यावर पहिली ओळ सुटली. 'जास्त' म्हणजे जास्त परिणामकारक. तिसरीही सुटली, कारण समुपदेशन फक्त ब गटात होतं. माहिती भरून काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत एकाच गटापुरती वापरणं अवघड दिसतं, आणि झटके एकाच गटात आले असते तर त्याचा उल्लेख सारांशात नसणं फार विचित्र ठरलं असतं. तिसरी ओळ मी खास जपून तपासतो, कारण "झटके फक्त ब गटात" असं मराठीत गेलं, तर एका साध्या समुपदेशनाबद्दल वाचणाऱ्याच्या मनात भीती बसेल. कोणती ओळ चुकली तर सगळ्यात जास्त नुकसान होईल हे ओळखून तिला सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

दुसऱ्या ओळीसाठी आधीच्या फोटोतली प्रवाह-आकृती कामाला येते. क्लिनिकल प्रयोगांत किती जण घेतले, किती वाटेत गळले आणि किती जणांचं विश्लेषण झालं हे दाखवणारी चौकटींची आकृती देण्याचा रिवाज आहे. आपल्या आकृतीत वरच्या चौकटीत २४०, खालच्या चौकटींची बेरीज १९७. फरक ४३. त्रेचाळीसला दोनशे चाळीसने भागलं की १७.९ टक्के येतात, म्हणजे स्लाइडवरचे १८. हे पाठपुराव्यातून सुटलेलेच. कोशाने दिलं नसतं ते उत्तर एका भागाकाराने दिलं. टक्केवारी असलेल्या प्रत्येक तुकड्यावर मी हा प्रयोग आधी करून बघतो: हा आकडा शेजारच्या स्लाइडवरच्या कोणत्या दोन आकड्यांतून येतो? उत्तर सापडलं की 'कशाचे टक्के' हेही कळतं.

चौथ्या ओळीवर थोडं रेंगाळतो, कारण चूक सगळ्यात सहज इथे होते. 'रिबाउंड' आणि 'रक्तदाब' हे दोन शब्द जवळ आले की वैद्यकीय विषय जाणणाऱ्याच्या मनात औषध अचानक बंद केल्यावर रक्तदाब उसळण्याची गोष्ट येते. काही औषधांबाबत ती खरीही आहे. ज्ञानच इथे चकवा देतं. मी पूर्वी एकदा अशाच ओळीत जाणकारीच्या भरात 'औषध थांबवल्यावर' असं लिहून मोकळा झालो होतो, आणि वक्त्याच्या संघातल्या व्यक्तीने ते वाचून सांगितलं की औषधाला त्यांनी हातही लावला नव्हता.

पुढच्या फोटोत आलेख आहे असं धरू. आडव्या अक्षावर आठवडे, ० ते २४. उभ्या अक्षावर दर आठवड्याला चुकलेल्या गोळ्या. बाराव्या आठवड्यावर तुटक उभी रेघ. अ आणि ब गटांच्या रेषा त्या रेघेपर्यंत उतरतात आणि नंतर चढू लागतात, क गटाची रेषा तशीच सपाट जाते. आता एकेक शक्यता या आलेखासमोर उभी करा. अभ्यास थांबला असता तर रेषा बाराव्या आठवड्यातच संपल्या असत्या. त्या चोवीसपर्यंत गेल्या आहेत. औषध थांबलं असतं तर पुढे 'चुकलेल्या गोळ्या' मोजण्यात अर्थच उरला नसता. आणि कॉल मिळणाऱ्या गटात काहीच बदललं नाही, बदललं ते फक्त संदेश मिळणाऱ्या दोन गटांत. म्हणजे थांबले ते संदेश, आणि उसळलं ते गोळ्या चुकवणं. उभ्या अक्षावर रक्तदाब नाहीच.

अशी वजाबाकी करताना फक्त आवडत्या अर्थाला आधार शोधू नका. नावडता अर्थ खरा असता तर काय दिसलं असतं, ते विचारा. आधार कोणत्याही अर्थाला मिळतो. तीनपैकी दोन अर्थ खोडले जाणं ही त्याहून भक्कम गोष्ट आहे.

## मराठी ओळ लिहिताना

अर्थ सापडला म्हणून प्रत्येक ओळीचं पूर्ण वाक्य करायचं का? भाषांतर पुन्हा स्लाइडवरच बसणार असेल तर नाही. मराठीला स्वतःची तुटक शैली आहे, फलकांवर आणि मथळ्यांत ती रोज दिसते. 'संदेश बंद', 'खर्च?', 'रुग्ण सुटले १८%' हे तुकडे मराठी कानाला अजिबात खटकत नाहीत. 'बंद' हा शब्द तर अशा वेळी देणगीच आहे. 'थांबवले' म्हटलं की कुणी थांबवले हा प्रश्न येतो, 'थांबले' म्हटलं की आपोआप थांबले असं वाटतं. 'बंद' दोन्हीपासून अलिप्त राहतो, लिंग-वचनही मागत नाही. मूळ तुकड्यातली संदिग्धता जशीच्या तशी पोचवायची असेल तेव्हा आधी असा शब्द शोधा. 'चालू', 'शिल्लक', 'कमी', 'जास्त', 'नको' हेही त्याच जातीचे.

बाणाचं मराठी करताना 'त्यामुळे' हा शब्द पटकन उतरतो. तो उतरू देऊ नका. बाण कधी क्रम दाखवतो, कधी कारण, कधी नुसता 'इकडून तिकडे' बदल. स्लाइडवर बाण बाणच ठेवता येतो आणि तेच बरं. लेखात किंवा अहवालात ओळ घ्यायची असेल तर 'त्यानंतर' लिहा. कार्यकारण वक्त्याने सांगितलं होतं हे ठाऊक असेल तेव्हाच 'त्यामुळे'.

आपण भरलेला प्रत्येक शब्द चौकोनी कंसात जातो. गोल कंस वापरत नाही, कारण ते मूळ स्लाइडवरही असू शकतात आणि मग कोणते कुणाचे हे कळत नाही.

पाचवी ओळ मी सगळ्यात कमी छेडतो. 'खर्च' लिहायचं की 'किंमत', एवढाच निर्णय असतो. किंमत वस्तूला चिकटते, खर्च कुणाचाही असू शकतो, रुग्णाचा, रुग्णालयाचा किंवा योजनेचा. मूळ ओळ जितकी उघडी आहे तितकीच 'खर्च?' उघडी राहते. पुरावा मिळाला नसेल तर उत्तम भाषांतर म्हणजे तितकंच अर्धवट भाषांतर.

सहावीला मात्र थोडं खोदावं लागतं. 'कंप्लायन्स' आणि 'अॅडहिअरन्स' या शब्दांत वैद्यकविश्वात जुना भेद आहे. पहिल्यात रुग्णाने आज्ञा पाळायची, दुसऱ्यात दोघांचं आधी ठरलेलं रुग्ण निभावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन उपचारांवर जो अहवाल काढला, त्यातही 'अॅडहिअरन्स' हाच शब्द घेतला आणि रुग्णाची संमती हा दोन्हींतला मुख्य फरक म्हणून सांगितला. अवतरणचिन्हं म्हणजे वक्त्याने जुना शब्द चिमटीत धरलेला आहे. इथे 'अननुपालक' असा कोशातला शब्द ठेवला तर ती चिमटी दिसतच नाही. दवाखान्यात हीच गोष्ट रोज ज्या शब्दांत बोलली जाते ते शब्द हवेत: पेशंट ऐकत नाही. मग ओळ होते 'न ऐकणारे' नव्हेत. 'म्हणू नका' असं आज्ञार्थी करण्याचा मोह होतो, पण वक्ता श्रोत्यांना बजावत होता की आपल्या रुग्णांबद्दल सांगत होता, हे आपल्याकडे नाही. 'नव्हेत' दोन्हीला पुरतं.

सगळं एकत्र:

> काय शिकलो (ठेच लागून)
> • आठवण: मोबाइल संदेश > फोन कॉल* [परिणामकारकतेत]
> • पाठपुराव्यातून सुटले १८%
> • प्रेरक समुपदेशन फक्त ब गटात
> • १२व्या आठवड्यात [संदेश] बंद → पुन्हा वाढ [चुकलेल्या गोळ्यांची]
> • खर्च?
> • 'न ऐकणारे' नव्हेत
> *… वगळून [तळटीप फोटोत अपुरी]

तारा आणि अर्धी तळटीप मुद्दाम ठेवली आहे. काय वगळलं ते ठाऊक नाही, पण काहीतरी वगळलंय हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. तारा काढून टाकली तर पहिली ओळ बिनशर्त विधान होते, आणि ती तशी नव्हती.

## विचारायचं असेल तर

वक्त्याला ईमेल करायला संकोचू नका, पण "या स्लाइडचा अर्थ काय?" असं विचारू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून उत्तर येतच नाही. स्लाइडचा फोटो जोडा, ओळीचा क्रमांक द्या आणि पर्याय समोर ठेवा: "चौथ्या ओळीत १२व्या आठवड्यात काय बंद झालं? अ) संदेश, आ) औषध, इ) आणखी काही. पहिल्या ओळीच्या तळटिपेत काय वगळलं आहे?" दोन प्रश्न, तीनच्या वर नाही. प्रवासातही अशा प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येतं. 'आणखी काही' हा पर्याय कायम ठेवा, नाहीतर आपल्याच अंदाजांवर त्यांची सही घेतल्यासारखं होतं.

फोटो काढणाऱ्याला विचारताना उलटं करावं. त्याला पर्याय देऊ नका, कारण पर्याय ऐकताच त्याला तोच आठवू लागेल. "या स्लाइडच्या वेळी वक्ता काय सांगत होता, आठवेल तेवढं सांग," एवढंच म्हणा आणि तो बोलत असताना मध्ये तोंड घालू नका.

## शेवटची तपासणी

मराठी स्लाइड अशा माणसाला दाखवा ज्याने मूळ पाहिलेली नाही, आणि प्रत्येक ओळीतून काय समजलं ते त्याच्या शब्दांत सांगायला सांगा. मराठीचं पुन्हा इंग्रजी करून ताडण्यापेक्षा मला हे जास्त उपयोगी वाटतं, कारण उलट भाषांतरात तुकडा पुन्हा तुकडाच होतो आणि चूक आत दडून राहते. सांगणारा माणूस गाळलेली जागा स्वतः भरतो. "म्हणजे संदेश बंद केल्यामुळे रक्तदाब वाढला," असं तो म्हणाला, तर चौथ्या ओळीतला दुसरा कंस त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. मग 'पुन्हा वाढ' काढून 'गोळ्या चुकणं पुन्हा वाढलं' असं सरळ लिहा, ओळ थोडी लांबली तरी चालेल.

भाषांतर देताना सोबत तीन रकान्यांचा एक तक्ता ठेवा: मूळ ओळ, मराठी ओळ आणि 'कशावरून'. तिसऱ्या रकान्यात दोन-चार शब्द पुरतात. 'सारांश', 'आधीच्या स्लाइडवरची आकृती, २४० उणे १९७', 'आलेख, गट क सपाट', 'पुरावा नाही, मूळ तसंच ठेवलं'. वक्त्याचं उत्तर आठवड्याने आलं तर त्या ओळीचा कंस काढा, रकान्यात उत्तराची तारीख टाका आणि बदललेली ओळ ज्यांना आधी पाठवली होती त्या सगळ्यांना पुन्हा पाठवा.